गंजून अडकलेला टॉवर बोल्ट: सोडवणं, गंज काढणं आणि योग्य वंगण

लोखंडी टॉवर बोल्ट अडकतो तो बहुतेक करून पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता. चार महिने हवा ओली असते, लाकूड फुगलेलं असतं, आणि मागच्या दाराची किंवा बाल्कनीची कडी रोज उघडली जातेच असं नाही. मग एक दिवस मूठ धरून ओढावं तर दांडी जागची हलत नाही. अशा वेळी लोक दोनच गोष्टी करतात. एक तर मुठीवर हातोडी मारतात, नाहीतर घरात असेल ते तेल ओततात. हातोडीने मूठ तुटते. तेलाने दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. कारण अडथळा आहे तो गंजाचा, आणि गंज तेलाने जात नाही. तो आधी काढावा लागतो, वंगण त्यानंतरचं.

हा लेख ज्यांनी आजवर हातात पेचकससुद्धा फारसा धरलेला नाही त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून रत्नागिरीकडच्या एका घराचं मागीलदारी उघडणारं दार घेतो. सागवानी दार, त्यावर आडवा बसवलेला आठ इंची लोखंडी टॉवर बोल्ट, दांडी साधारण दहा मिलिमीटर जाडीची, आणि दर दोन-चार वर्षांनी दाराबरोबर बोल्टवरही फिरवलेला ऑइल पेंट. दांडी अर्धी बाहेर येऊन थांबलेली, ना पुढे ना मागे. समुद्राजवळच्या घरांत हे चित्र नेहमीचं आहे.

अडकतो कशाने

टॉवर बोल्टची रचना साधी असते. लाकडावर स्क्रूने बसवलेली पत्र्याची पट्टी, तिच्यावर दोन-तीन कमानी किंवा एक लांब नळी, आणि त्यातून सरकणारी गोल दांडी. दांडीला एक मूठ. दांडी आणि कमान यांच्यामध्ये जेमतेम केसाएवढी फट ठेवलेली असते, तेवढ्या फटीवर सगळं सरकणं अवलंबून.

लोखंड गंजलं की तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणजे कमानीच्या आतून थोडा, दांडीच्या बाहेरून थोडा असा गंज धरला तरी ती फट भरून जाते आणि दांडी पाचर मारल्यासारखी घट्ट बसते. कोकणात त्यात मिठाची भर पडते. समुद्रावरून येणारं बारीक मीठ धातूवर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाऊस नसतानाही लोखंड ओलं ठेवतं. म्हणून तिथे फक्त वरवर पुसून भागत नाही, धातूवरचं मीठ पाण्याने धुऊन काढावं लागतं.

आधी दार उघडं ठेवून बघा

सगळ्यात आधी एक तपासणी करा, तिला अर्धं मिनिट लागतं. दार उघडता येत असेल तर ते सताड उघडा आणि बोल्ट तसाच हवेत सरकवून बघा. उघड्या दारावर दांडी सहज सरकली आणि दार लावल्यावरच अडकली, तर गंजाचा दोष नाही. दार खाली उतरलंय किंवा फुगलंय, आणि दांडी चौकटीतल्या भोकाच्या कडेवर आदळते आहे. अशा वेळी बोल्टला कितीही तेल घातलं तरी फरक पडणार नाही.

त्याचा इलाज वेगळा आहे. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की दाराचा मुठीकडचा कोपरा खाली येतो, आणि बऱ्याचदा तेवढं आवळल्यावरच बोल्ट पुन्हा भोकासमोर येतो. तरीही जमलं नाही तर दांडीच्या टोकाला ओलं कुंकू किंवा खडू लावा, दार लावा आणि दांडी पुढे ढकला. चौकटीवर जिथे ठिपका उमटेल तिथे दांडी आदळते आहे. भोकाची तेवढी बाजू गोल कानशीने घासा. भोकात माती, रंगाचे पोपडे किंवा गांधीलमाशीचं घर भरलेलं असेल तर खिळ्याने कोरून काढा. कित्येकदा दांडी पूर्ण बसत नाही ती एवढ्यामुळेच.

उघड्या दारावरही दांडी हलत नसेल, तर बोल्टमध्येच अडथळा आहे. आता कमानीच्या तोंडाशी नीट बघा. तपकिरी-नारिंगी भुकटी दिसली तर गंज. दांडी आणि कमान यांच्यावर रंगाचा एकसंध थर दिसला तर रंग. रत्नागिरीच्या आपल्या बोल्टमध्ये दोन्ही आहेत: बाहेरून रंगाने चिकटलेला, आतून गंजलेला. रंगाचा थर आधी मोडायचा. जुनी कटरची पात घेऊन कमानीच्या तोंडाशी दांडीच्या गोलाईवरून चीर द्या. केवळ रंगानेच धरलेला बोल्ट एवढ्यावरही सुटतो.

एक चुंबकही लावून बघा. चुंबक चिकटलं नाही तर बोल्ट पितळेचा, अॅल्युमिनियमचा किंवा बहुधा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा आहे, आणि पुढे सांगितलेली आम्लाची पद्धत त्यासाठी नाही. पितळेवर हिरवा आणि अॅल्युमिनियमवर पांढरा थर येतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने काढायचा. चुंबक चिकटतं पण बोल्ट सोनेरी किंवा चकचकीत चंदेरी दिसतो, असं असेल तर लोखंडावर पातळ मुलामा आहे. असा बोल्ट आम्लात बुडवला तर मुलामाही निघून जाईल. तो तेल आणि ब्रशनेच साफ करावा.

जागेवर सोडवणं

आता अडकलेली दांडी हलवायची. हार्डवेअरच्या दुकानात गंजलेले नटबोल्ट सोडवायचे स्प्रे मिळतात. डब्ल्यूडी-४० हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. तो नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणि शिलाई मशीनचं तेल निम्मंनिम्मं मिसळून चालतं. रॉकेल मिळालं तर तेही जुनं आणि चांगलं औषध आहे. ही सगळी द्रव्यं पेट घेणारी आहेत, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि आसपास देवघरातला दिवा, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नसावा.

बोल्टच्या खाली फडकं धरा आणि प्रत्येक कमानीच्या दोन्ही तोंडांशी थोडं थोडं सोडा. जास्त ओतून उपयोग नाही, ते खाली गळून जातं. थोडं घाला, अर्धा तास थांबा, पुन्हा घाला. हे द्रव्य फटीतून आत झिरपायला वेळ लागतो. गंज जुना असेल तर रात्रभर ठेवणं चांगलं, सकाळी काम अर्ध्यावर आलेलं असतं.

मग दांडी ओढू नका. आधी ती तिच्या जागेवरच वळवा. मूठ वर-खाली करा, खाचेत जितकी फिरते तितकीच. सरळ ओढताना लांबच्या लांब गंजाची पकड एकदम तोडावी लागते. मूठ फिरवताना मात्र ती तरफेचं काम करते आणि कमी जोरात दांडीची पकड सुटते. एखाद्या मिलिमीटरचीही हालचाल झाली तर पुन्हा थेंबभर तेल सोडा आणि वळवत राहा. हळूहळू तेलाबरोबर तपकिरी चिखल बाहेर येऊ लागतो. तो फडक्याने पुसून टाका, नाहीतर तोच परत आत जातो. दांडी मोकळी वळू लागली की मग पुढे-मागे सरकवायला लागा.

ठोकायचंच झालं तर मुठीवर ठोकू नका. मूठ दांडीत आट्यांनी किंवा रिव्हेटने बसवलेली असते आणि गंजलेली मूठ पहिल्याच घावात निघून येते. दांडीचं मोकळं टोक दिसत असेल तर त्यावर लाकडाचा ठोकळा धरून हलके टोले द्या. एका जोरदार घावापेक्षा हलक्या टोल्यांनी गंज जास्त सुटतो.

दार बंद असताना बोल्ट अडकला तर अडचण मोठी, पण बऱ्याचदा तिथे गंजापेक्षा ताण जास्त असतो. फुगलेलं दार दांडीवर आडवं रेटत असतं. एकाने दार चौकटीकडे दाबून धरायचं, किंवा मूठ नाहीतर हँडल पकडून दार किंचित वर उचलायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने दांडी वळवत मागे घ्यायची. एकट्यानेही खांद्याने दार दाबून हे जमतं. बाथरूमच्या दाराचा बोल्ट जड जायला लागला असेल तर तो पूर्ण अडकायची वाट पाहू नका, विशेषतः घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर. तो दुरुस्त होईपर्यंत आतून लावायचाच नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

दारावरून काढणं

दांडी सुटली म्हणजे काम झालं असं वाटतं. पण आतला गंज अजून तिथेच आहे, आणि तेलात भिजलेला गंज घासणीच्या पावडरीसारखा दांडी आणि कमान दोन्ही झिजवतो. म्हणून बोल्ट दारावरून उतरवायचा. हे काम सकाळी सुरू करा. रात्री दार लावायला दुसरी कडी किंवा अडसर आहे ना, तेही आधी बघून ठेवा. बोल्टच्या पट्टीभोवती पेन्सिलने रेघ मारा, म्हणजे परत बसवताना जागा शोधावी लागणार नाही.

स्क्रूंच्या खाचांत रंग भरलेला असतो. तो खिळ्याच्या टोकाने साफ कोरून काढल्याशिवाय पेचकस लावू नका. पेचकसाचं पातं खाच पूर्ण भरेल एवढं रुंद हवं. बारीक पात्याने खाच मोडते, आणि मग तो स्क्रू काढणं फार कठीण होतं. प्रत्येक स्क्रूवर एक थेंब तेल टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा. सोडवायच्या आधी तो किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. कट्ट असा आवाज आला की पकड सुटली, मग उलट फिरवा. पेचकसावर अंगाचा भार टाकून दाबत फिरवायचं, नुसतं मनगटाने नाही. स्क्रू लाकडातच तुटला तर त्याच्या मागे लागू नका. तुकडा तसाच राहू द्या आणि परत बसवताना पट्टी सूतभर वर किंवा खाली सरकवून नवं भोक पाडा.

रंग आणि तेल उतरवणं

आम्ल रंगातून किंवा तेलातून आत जात नाही. त्यामुळे गंज काढायच्या आधी या दोन्ही गोष्टी जायला हव्यात. यासाठी धुण्याचा सोडा उत्तम. जुन्या पत्र्याच्या डब्यात किंवा स्वयंपाकात परत न वापरायच्या भांड्यात लिटरभर चांगलं गरम पाणी घ्या, त्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाका आणि बोल्ट तासभर बुडवून ठेवा. ऑइल पेंट मऊ पडतो आणि तारेच्या ब्रशने निघतो, तेलही सुटतं. थर जाड असेल तर पाणी गार झाल्यावर पुन्हा एकदा गरम पाण्यात करा. हातात रबरी मोजे असू द्या, हे पाणी कातडीला बोचतं.

रंग कोरडा घासू नका. घर जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाला, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. ओल्यानेच खरवडा, पोपडे कागदात गुंडाळून टाका आणि मुलांना त्या वेळी तिथे येऊ देऊ नका.

गंज काढणं

मला यासाठी सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, सगळ्यात सोयीचं वाटतं. वास नाही, धूर नाही, स्वस्त आहे आणि उरलेलं स्वयंपाकघरात ठेवता येतं. एका प्लास्टिकच्या उथळ टबात लिटरभर गरम पाणी घ्या. हाताला चटका बसेल इतकं पुरे, उकळतं नको. त्यात पन्नास ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, म्हणजे पाणी अरुंद फटीतही शिरतं. सोड्याच्या पाण्यातून काढलेला बोल्ट आधी साध्या पाण्याने स्वच्छ धुवा, कारण सोडा आणि आम्ल एकमेकांना मारतात. मग तो टबात पूर्ण बुडेल असा ठेवा.

टब कुठे ठेवता याला महत्त्व आहे. शहाबादी, कडप्पा, संगमरवर या फरश्यांवर आणि सिमेंटवर आम्लाचा थेंब पडला की डाग पडतो आणि तो निघत नाही. ओटा कडप्प्याचा असेल तर त्यावर हे काम करू नका. प्लास्टिकच्या परातीत टब ठेवून मोरीत किंवा अंगणात करा.

तासातासाने बोल्ट बाहेर काढून टूथब्रशने घासा आणि दांडी पुढे-मागे करा. पाणी पिवळसर, मग हिरवट-तपकिरी होत जातं, आणि गंजाच्या जागी करडं-काळपट लोखंड दिसू लागतं. वरचा गंज दोन-तीन तासांत जातो. कमानीच्या आतला हट्टी असतो. तिथे पॉलिश पेपरची बोटाएवढी पट्टी कापून कमान आणि दांडीच्या मधून ओवा आणि दोन्ही टोकं धरून घासा. रत्नागिरीच्या या बोल्टसारखा खोलवर गंजलेला असेल तर दिवसभर लागेल असं धरून चाला. पाणी गार आणि गढूळ झालं की नवं करून घ्या.

थांबायचं कधी हे ओळखणं सोपं आहे. ब्रश मारल्यावर तपकिरी भुकटी येईनाशी झाली आणि उघड्या लोखंडावर बारीक बुडबुडे दिसू लागले की गंज संपला, आता आम्ल चांगलं लोखंड खायला लागलंय. लगेच बाहेर काढा. म्हणूनच रात्रभर विसरून ठेवायची ही गोष्ट नाही. संध्याकाळपर्यंत काम उरलंच तर बोल्ट काढून, धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा आणि सकाळी परत साबणाने धुऊन टबात टाका.

लिंबूसत्त्व मिळालं नाही तर साधं पांढरं व्हिनेगर चालतं. ते न पातळ करता वापरायचं आणि त्याला वेळ जास्त लागतो, वासही सहन करावा लागतो. चिंचेच्या कोळानेही गंज सुटतो, पण फटीत चोथा अडकतो. संडास साफ करायचं अॅसिड मात्र वापरू नका, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. ते झपाट्याने गंज काढतं हे खरं. पण त्याच्या वाफा डोळ्यांना आणि छातीला त्रास देतात, ब्लीचिंगच्या द्रवाशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि फटीत राहिलेलं त्याचं क्लोराइड मिठासारखंच पुन्हा गंज आणतं. समुद्राजवळ ज्या गोष्टीपासून बोल्ट वाचवायचा तीच आपण हाताने घातल्यासारखं होतं.

धुणं आणि तासाभरात कोरडं करणं

गंज निघालेलं लोखंड उघडं असतं, आणि ओलं राहिलं तर काही मिनिटांत त्यावर नारिंगी झाक येते. म्हणून इथून पुढे रेंगाळू नका. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून त्यात बोल्ट पाच मिनिटं बुडवा, म्हणजे फटीत राहिलेलं आम्ल मरतं. मग गरम पाण्याने धुवा. गरम यासाठी की धातू तापतो आणि बरंचसं पाणी आपोआप उडून जातं. जुन्या सुती कापडाने पुसा, दांडी सरकवत सरकवत पुसा, आणि हेअर ड्रायरने कमानींच्या आत गरम हवा सोडा. ड्रायर नसेल तर कडक उन्हात पत्र्यावर ठेवा. पावसाळी दमट हवेत नुसतं वाळत ठेवलं तर वाळायच्या आधी गंज येतो.

नारिंगी झाक आलीच तर घाबरू नका. ती वरवरची असते, बारीक पॉलिश पेपरने निघते.

आता तेल न घालता एक परीक्षा घ्या. बोल्ट उभा धरा. दांडी स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. सरकली तर बोल्ट निरोगी आहे. अडखळली तर नेमकी कुठे ते बघा. दांडीवर खवल्यासारखा उंचवटा असेल तर २२० नंबरच्या आणि मग ४०० नंबरच्या पेपरने दांडीच्या लांबीच्या दिशेने घासा. मूठ आट्यांची असेल तर ती काढून दांडी बाहेर घेता येते आणि सपाट फरशीवर लोळवून बघता येते. वाकलेली दांडी उड्या मारत लोळते. एखादी कमान चेपली असेल तर पक्कडीने हळूच उघडता येते, पण गंजाने पातळ झालेली कमान मोडू शकते. कोरडा बोल्ट ज्या जागी अडखळतो तिथे वंगण घालून तो अडखळणं लपवू नका.

इथेच बोल्ट ठेवायचा की बदलायचा हेही ठरवा. दांडीवर नखाला लागतील इतके खोल खड्डे पडले असतील, कमान कागदासारखी पातळ झाली असेल किंवा पट्टीला आरपार भोकं पडली असतील, तर बाहेरच्या दारावर तो परत बसवू नका. दिसायला धड असला तरी एका लाथेत तो सुटेल. नवा घेताना समुद्राजवळ आणि बाथरूमसाठी ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा किंवा भरीव पितळेचा घ्यावा.

रंग कुठे, वंगण कुठे

टॉवर बोल्ट गंजायला बऱ्याचदा पट्टीच्या मागून सुरुवात होते, जिथे ती लाकडाला टेकते आणि ओल धरून ठेवते. म्हणून पट्टीच्या मागच्या बाजूला रेड ऑक्साईड प्रायमरचा हात द्या, पुढच्या बाजूलाही द्या, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं वाळू द्या. बहुतेक वेळा रात्रभर ठेवलेलं बरं. दांडीला आणि कमानीच्या आत रंग अजिबात नको. दांडीवर आधीच ग्रीसचा हात फिरवून ठेवला तर चुकून उडालेला रंग पुसून निघतो. पुढे घराला रंग काढाल तेव्हा रंगाऱ्याला बोल्टवर कागदी टेप लावायला सांगा.

वंगणाबाबत एकच उत्तर सगळ्या दारांना लागू पडत नाही. रत्नागिरीच्या या आडव्या बोल्टसाठी मी लिथियम ग्रीस निवडेन. हरभऱ्याच्या दाण्याएवढं घ्या, दांडीवर सगळीकडे पसरवा, दांडी आठ-दहा वेळा सरकवा आणि बाहेर आलेलं कापडाने पुसून टाका. दांडी जेमतेम तुकतुकीत दिसली पाहिजे. हाताला लडबडा लागत असेल तर जास्त झालंय. ग्रीस पाण्याला दाद देत नाही आणि आडव्या बोल्टवरून गळतही नाही. समुद्रकाठी तेच हवं.

दाराच्या खालच्या बाजूला उभा बसवलेला, जमिनीतल्या भोकात जाणारा बोल्ट असेल तर ग्रीस टाळा. खालची धूळ आणि वाळू त्याला चिकटून कानशीसारखी घासते. तिथे साधी मेणबत्ती दांडीवर घासा. मेण कोरडं राहतं, धूळ धरत नाही आणि ओलही थोपवतं. खोलीतल्या दाराला, जिथे पाणी-वारा लागत नाही, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. ते पातळ असल्याने दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा द्यावं लागतं. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी, म्हणजे ग्राफाइट, कोरड्या हवेच्या गावी छान काम देते. पण खारट ओलाव्यात ग्राफाइट लोखंडाचा गंज वाढवतं, त्यामुळे कोकणात ती नको.

डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे सोडवायच्या कामाचा आहे. त्याचा थर फार पातळ असतो आणि टिकत नाही, त्यामुळे शेवटचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. शेंगदाणा, सोयाबीन किंवा तिळाचं तेल तर नकोच. ही तेलं हवेने हळूहळू चिकट होतात, धूळ धरतात, आणि काही महिन्यांनी बोल्ट गंजाऐवजी त्या चिकट राळेने अडकतो. खोबरेल थंडीत थिजतं, तेही ठेवा बाजूला.

परत बसवणं

जुने गंजके स्क्रू पुन्हा वापरू नका. त्याच मापाचे स्टेनलेस स्टीलचे घ्या, एक जुना स्क्रू दुकानात नमुन्याला न्या. डोकं खोलगट बसणारं हवं. ते वर राहिलं तर दांडी त्यावर घासते, आणि मग सगळं साफ करूनही बोल्ट का अडतो ते कळत नाही. लाकडातली भोकं सैल झाली असतील तर काडेपेटीच्या काड्यांची गुलं तोडून त्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, वाळल्यावर वरचं टोक कापून टाका आणि मग स्क्रू पिळा. स्क्रूच्या आट्यांना थोडं मेण लावलं तर तो सहज जातो आणि पुढच्या वेळी सहज निघतो.

पट्टी पेन्सिलच्या रेघेत बसवा आणि सगळे स्क्रू आधी हलकेच लावा. मग एक-एक थोडा थोडा आवळा आणि प्रत्येक वेळी दांडी सरकवून बघा. जुनं दार क्वचितच अगदी सपाट असतं. एकच स्क्रू पूर्ण आवळला की पट्टी लाकडाच्या खळग्यात ओढली जाऊन वाकते आणि कमानी दांडीला चिमटीत धरतात. जो स्क्रू आवळल्यावर दांडी जड होते तो पाव फेरा सैल करा. फरक मोठा असेल तर त्या जागी पट्टीखाली पुठ्ठ्याची चकती सरकवा, ओल लागणारं दार असेल तर पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकची.

शेवटी दार लावून बघा, कुंकवाची तीच खूण पुन्हा वापरा, आणि दांडी चौकटीच्या भोकात पूर्ण जाते ना ते पाहा. भोकातही बोटाच्या टोकाने जरासं ग्रीस फिरवा.

समुद्राजवळच्या घरात हा बोल्ट वर्षातून दोनदा बघावा: मे महिन्याच्या शेवटी पावसाआधी आणि दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा. जुनं ग्रीस टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचं आणि नवं पातळ लावायचं, बोल्ट दारावरून काढायची गरज नाही. मधल्या काळात दार वापरात नसलं तरी आठवड्यातून एकदा कडी सरकवत राहा. दांडी हलती राहिली की कमानीच्या आत गंजाला घट्ट धरायला सवड मिळत नाही.